मोरपंखी आणि मोतिया

आमच्या माजघरात आईवडिलांच्या लग्नाचा एक फोटो टांगलेला आहे. १९७२ सालचा, कृष्णधवल. मागे फोटोवाल्याचा पडदा, पुढे दोन कुंड्या आणि मधोमध ही दोघे. लहानपणी हा फोटो मला थोडा भीतिदायक वाटत असे. कारण त्यात दोन चेहरे होते, तीन हात होते आणि देह मात्र एकच होता! आईचा खांदा कुठे संपतो आणि वडिलांचा कोट कुठे सुरू होतो, याचा थांगच लागत नसे. काळसर करड्या रंगाचा एक मोठा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर दोन गंभीर चेहरे. “तुझा शालू काळा होता का गं?” असे मी एकदा आईला विचारले, तेव्हा ती केवढी तरी रागावली. “काळा कशाला असेल? हिरवागार होता! आणि यांचा सूट तपकिरी होता. चांगला तपकिरी!”

हिरवा आणि तपकिरी. डोळ्यांना हे रंग किती निराळे! पण कॅमेऱ्याने त्यांतला रंग काढून घेतला, आणि उरला तो निव्वळ गडदपणा. तो दोघांचा सारखाच होता. म्हणून तो एकच देह.

हा फोटो मला पुन्हा आठवला तो गेल्या हिवाळ्यात. ताईच्या मुलीचे, आमच्या चिमीचे लग्न ठरले आणि एके रविवारी ती तोंड फुगवून माझ्याकडे आली. हातात एक भलेमोठे खोके होते. हल्ली लग्नाच्या आधी नवरानवरीचे फोटो काढण्याची रीत पडली आहे. त्याला प्री-वेडिंग शूट म्हणतात. जागा ठरली होती वाईजवळच्या मेणवलीचा घाट. त्या दिवसासाठी तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हौसेने जोडीचे कपडे पाठवले होते. खोक्यात राणी रंगाचा पायघोळ झगा आणि अगदी त्याच कापडाचा, त्याच बुट्टीचा, तसाच राणी रंगाचा पुरुषी कुडता.

“मामा, हे घालून आम्ही दोघं बँडवाल्यांसारखी दिसू,” चिमी म्हणाली.

“मग नको म्हणून सांग.”

“कसं सांगू? त्यांनी स्वतः पुण्याला जाऊन घेतलंय. अजून त्या घरात पाऊल टाकायचंय मला.”

पेच खरा होता. माझी अक्कल अशा बाबतीत फारशी चालत नाही. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठीच्या जोडीने चित्रकलेचे तास घेतो. पण चित्रकलेचा मास्तर म्हटला की घरातल्या भिंतींच्या रंगापासून रांगोळीपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्याचा सल्ला विचारायचा, असा आमच्या घरातला दंडक आहे. तेव्हा हा खटलाही माझ्याकडेच आला.

मी चिमीला विचारले, “तुझ्या मनात काय घालायचं आहे?” तिने उत्तर दिले नाही. ती उठून आत गेली आणि आजीच्या ट्रंकेतले इरकल घेऊन आली. माझ्या आईचे ते जुने लुगडे. अंग मोरपंखी, काठ लाल, आणि पदरही लाल, त्यावर पांढऱ्या रंगात किल्ल्याच्या तटासारखी नक्षी. इरकलाचा पदर निराळ्या रंगाच्या ताण्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फाशांनी जोडून घेतात. म्हणून पदर सुरू होतो तिथे रंग असा एकदम बदलतो. आईने हे लुगडे कित्येक वर्षांत नेसले नव्हते. मी ते उजेडात धरून घड्या पाहिल्या. जुने कापड जाते ते आधी घडीवर जाते. पण हे शाबूत होते.

तेव्हा एक बाजू पक्की झाली. आता प्रश्न नवऱ्यामुलाचा.

इथे बहुतेक मंडळी जी चूक करतात तीच आम्ही पहिल्यांदा केली. जुळणी म्हणजे तोच रंग, अशी आपली समजूत असते. लुगड्याचे काठ लाल, म्हणून मुलाने डाळिंबी कुडता घ्यावा असे ठरले. मुलगा मोठा गुणी. दुसऱ्याच दिवशी कुडता घेऊन हजर झाला. दोघांना अंगणात शेजारी उभे केले. आई, ताई, शेजारच्या काकू, सगळ्यांनी माना डोलावल्या. मोरपंखीशेजारी डाळिंबी खरोखरच शोभून दिसत होता. मी त्यांचा एक फोटो काढला आणि सहज चाळा म्हणून फोनमध्येच तो कृष्णधवल करून पाहिला.

आणि पाहतो तो काय, माजघरातला फोटो पुन्हा माझ्या हातात! तोच डोंगर, तीच दोन डोकी. मुलाने चिमीच्या खांद्यामागून हात घेतला होता. तो हात पार नाहीसा झाला होता.

चित्रकलेच्या तासाला मी मुलांना एक गोष्ट सांगत असतो. रंगाला नाव असते, तसे वजनही असते. लाल, निळा, हिरवा ही नावे. फिका, मध्यम, गडद हे वजन. नावे निराळी असून वजन एक असले, तर जवळून पाहताना रंग निराळे वाटतात आणि दुरून एकमेकांत मिसळतात. डोळा मिटल्यासारखा करून पाहिले की हे वजन कळते. हल्ली फोनमुळे तेवढेही कष्ट नकोत, फोटोतला रंग उतरवला की झाले. जोडप्याच्या फोटोत तर ह्याला फारच महत्त्व. कारण ती दोघे काही परेडसारखी हातभर अंतर ठेवून उभी राहत नाहीत. ती बिलगतात, टेकून बसतात, एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर असतो. कापडावर कापड येते. अशा वेळी तो हात त्याचा आहे हे सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दोघांच्या कपड्यांतला फिकटगडदाचा फरक. आणि एका रंगात दोघांनाही बुडवले, तर रंगीत फोटोतसुद्धा तो सांगणारे कुणी उरत नाही. चिमीला बँडवाले आठवले ते उगीच नव्हे.

मग डाळिंबी बाद. पण त्याच्या जागी काय? मुलगा म्हणाला, “मामा, मी आपला निळी जीन घालतो आणि पिवळा शर्ट. मिसळायला नको.” मिसळले नसते हे खरे, पण मग ती दोघे एकाच एस्टीच्या रांगेत उभी राहिलेली परकी माणसे दिसली असती. सारखेपणा नको, पण नाते हवे. सख्खी भावंडे ओळखू यावीत तशी, जुळी नव्हेत.

ह्याचे उत्तर मला त्या इरकलानेच दिले. मी ते चौकटीच्या फरशीवर पसरले आणि चिमीला विचारले, “यात कोणता रंग किती आहे ते मला दहा भागांत सांग.” ती जरा विचार करून म्हणाली, “सात भाग मोरपंखी. अडीच भाग लाल. पांढरा अगदी थोडा, अर्धा भाग.” मी म्हटले, “बरोबर. आता हाच हिशोब उलटा कर. तुझ्या अंगावर जो रंग सर्वांत थोडा, तो त्याच्या अंगावर सर्वांत जास्त. आणि तुझा जो सर्वांत जास्त, तो त्याच्याकडे जवळजवळ नाहीच.” म्हणजे पदरावरच्या नक्षीतला पांढरा मुलाने अंगभर घ्यायचा, लाल नावापुरता ठेवायचा, आणि मोरपंखीच्या वाटेला जायचेच नाही. रंग एकाच घरातले, पण मांडणी प्रत्येकाची आपापली. ज्या कापडावर नक्षी आहे ते आधी ठरवायचे आणि दुसऱ्याचा साधा कपडा त्याच्यातून निवडायचा, ही वाट सोपी. उलट वाटेने गेले, म्हणजे आधी दोन साधे कपडे घेऊन मग दोघांना शोभेल अशी नक्षी हुडकत बसले, तर दुकाने संपतात आणि नक्षी सापडत नाही.

पांढरा म्हणजे कोणता पांढरा, हा पुढचा घाट. अगदी शुभ्र कापड उन्हात असे लखलखते, की फोटोत त्याच्या चुण्या, शिवण, सारे पुसले जाऊन एक पांढरा ठिपका उरतो. शिवाय चित्रात जे सर्वांत उजळ असते तिकडे डोळा आधी धावतो. पाहणाऱ्याने चेहरा सोडून कुडत्याकडे पाहावे, हे काही बरे नव्हे. म्हणून पांढऱ्याच्या एक पायरी खाली, मोतिया. लुगड्यावरची नक्षीही इतक्या वर्षांनी मोतियाच झाली होती.

मोतिया कापड घ्यायला मी मुलाला आमच्या गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये घेऊन गेलो. पोलक्यांची कापडे विकणारी ही दुकाने म्हणजे रंगांची खरी विद्यापीठे. भिंतभर फळ्यांवर शेकडो गठ्ठे. एकट्या हिरव्याचे चाळीस प्रकार, आणि गल्ल्यावरचा माणूस आलेल्या बाईचे लुगडे पाहून नेमका गठ्ठा न चुकता ओढणार. मी इरकलाचा पदर बरोबर नेला होता. दिव्याखाली एक मोतिया तागा असा काही जुळला, की मी पैसे काढायला खिशात हात घातला. दुकानदाराने मला थांबवले. तागा आणि पदर दोन्ही घेऊन तो दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभा राहिला. तिथे तोच तागा चक्क गुलाबट दिसू लागला!

“मास्तर,” तो म्हणाला, “ट्यूबखाली जुळतं ते उन्हात भांडतं. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या मसाल्यांतून आलेले असतात. एका उजेडात ते एक होतात, दुसऱ्या उजेडात फुटतात. फोटो उन्हात काढायचा ना? मग कापड उन्हातच बघा.”

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, तीही मला फार पटली. जुळवायचे तर अगदी तंतोतंत, नाहीतर मोकळ्या मनाने दोन पायऱ्या दूर. मधल्या जागी उभे राहायचे नाही. बायको डाळिंबी आणि नवरा डाळिंबीहून जरासा विटकरी, ही जुळणी म्हणजे प्रयत्न करून चुकलेली जुळणी. पाहणाऱ्याला ती लगेच खटकते. आणि रेशमाशी सुताची तंतोतंत जुळणी तर होतच नाही, कारण रंग एक असला तरी रेशीम उजेड परत फेकते आणि सूत तो पिऊन टाकते. हे ऐकल्यावर आम्ही लालाचा हट्ट सोडला. मुलाच्या खांद्यावर जे उपरणे द्यायचे त्याचे काठ लुगड्याच्या लालापेक्षा बरेच गडद, जवळजवळ आमसुली घेतले. त्यामुळे तो लाल नात्यातला वाटला, नक्कल वाटली नाही.

आता उरले ते राणी रंगाचे खोके. मला त्या रंगाशी वैर नव्हते. अडचण होती ती दोघांनी एकदम तो घालण्याची. अशा झगझगीत रंगावर ऊन पडले की तो आपल्या आसपास सांडतो. हनुवटीखाली, गळ्यावर, गालाच्या कडेवर गुलाबी झाक येते. एकाने घातला तर शेजारचा फिका कपडा आणि मोकळी हवा ती सांभाळून घेतात. दोघांनी घालून तोंडाशी तोंड आणले, की दोन्हीकडून गुलाल उधळल्यासारखे होते. म्हणून मी असे सुचवले, की दुसऱ्या पोशाखात चिमीने सासूबाईंचा झगा घालावा आणि मुलाने फिका राखी सदरा. राणीच्या आगीला राखी हे चांगले उत्तर आहे. राखी रंग स्वतः काही बोलत नाही, पण शेजाऱ्याचे शांतपणे ऐकून घेतो.

“आणि माझा कुडता?” मुलाने विचारले. “आईला काय सांगू?”

“आईला काही सांगू नकोस,” माझी आई कोपऱ्यातून म्हणाली. “तो कुडता घालून तिच्याशेजारी उभा राहा आणि एक फोटो काढून घे. तिनं तो रंग उगीच नाही निवडलेला. तिच्या आवडीचा असणार.”

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही मेणवलीला पोहोचलो. वाईपासून हे गाव कोसभराच्या आतच. नाना फडणिसांचा वाडा, त्याच्यामागे कृष्णेवरचा घाट, देवळे, आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट दिसला. आज तिथे आमच्याखेरीज आणखी दोन जोडपी आली होती. त्यांतले एक पायापासून डोक्यापर्यंत एकाच निळ्यात होते. चिमीने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

इथे मात्र माझी फजिती व्हायची वेळ आली. मी दोघांचे रंग एकमेकांशी जुळवले, पण घाटाचा दगड काळा आहे हे ध्यानातच घेतले नव्हते! कपड्यांचा विचार करताना जागा सर्वांत आधी पाहायची असते. मागे काय येणार, त्याचा रंग गडद की फिका, हे ठरल्यावर मग कपाट उघडायचे. मी ते शेवटी केले. चिमी काळ्या पायऱ्यांवर बसली आणि तिचे मोरपंखी लुगडे दगडात शिरले. मुलगा मोतिया कुडत्यात दिव्यासारखा उजळ, आणि ती त्याच्या पायाशी सावली. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच नेमकी हातची निघून चालली.

छायाचित्रकार तरुण होता पण जाणता होता. त्याने चिमीला चार पायऱ्या खाली, अगदी पाण्याच्या कडेला नेले. तिथे तिच्यामागे दगड नव्हता, सकाळच्या उजेडाने चमकणारे कृष्णेचे पाणी होते. फिक्या पाण्यावर गडद मोरपंखी एकदम उठून आला. मग त्याने तिला पदर मागे न सोडता पुढे, मांडीवर पसरायला सांगितले, म्हणजे लाल रंग आणि नक्षी कॅमेऱ्यासमोर आली. मुलाला त्याने दोन पायऱ्या वर, काळ्या दगडासमोर बसवले. गडद पाण्यासमोर, फिका दगडासमोर. पाहता पाहता चित्राचा तोल सावरला. तेवढ्यात त्याचे लक्ष मुलाच्या पायांकडे गेले. पायांत पांढरे स्वच्छ बूट! सगळ्या चौकटीत सर्वांत उजळ जागा ती. ताबडतोब बूट काढून माझ्या पायांतल्या कोल्हापुरी वहाणा त्याला दिल्या, आणि पुढचा तासभर मी घाटावर अनवाणी हिंडलो.

पहिल्या अर्ध्या तासाचे ऊन पिवळट असते. त्यात मोतिया थोडा हळदीकडे झुकला आणि मोरपंखीत हिरवा जास्त दिसू लागला. मी घाबरलो. छायाचित्रकाराने एक करडे कार्ड मुलाच्या हातात देऊन त्याचा फोटो घेतला. त्या करड्याला करडे मानून बाकीचे रंग मागाहून जाग्यावर आणता येतात, असे त्याने मला समजावले. “पण पूर्ण आणणार नाही,” तो म्हणाला, “थोडं पिवळं ठेवतो. सकाळ होती हे कळायला नको का?”

पंधरा दिवसांनी फोटो आले. मुलाच्या घरून आधी आला तो त्याच्या आईबरोबरचा. तिघांत नव्हे, दोघांतच काढलेला. मुलगा राणी रंगाच्या कुडत्यात, आणि सासूबाई पांढऱ्या साडीत, तिला राणी काठ. पाहून मी मनोमन आईला हात जोडले. विहीणबाईंना तो रंग का हवा होता, हे आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

मग मी घाटावरचा फोटो उघडून आईच्या हातात फोन दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. मी तिच्यासमोर त्यातला रंग उतरवून दाखवला. करड्या पाण्यापुढे गडद लुगडे, गडद दगडापुढे फिका कुडता, आणि चिमीच्या खांद्यावर टेकलेला एक हात. हात कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

“दिसतंय सगळं,” आई म्हणाली. तिने मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. मला वाटले, आता ती पुन्हा आपल्या हिरव्या शालूचे दुःख काढणार.

“आमच्यात यांचा एक हात दिसतच नाही ना रे?”

“नाही. तीनच हात आहेत.”

“फोटोवाल्यानं सांगितलं होतं, हात सरळ ठेवा, हलू नका. आणि ह्यांनी त्या काळोखात माझ्या शालूचं टोक धरून ठेवलं होतं. फोटो होईपर्यंत सोडलं नाही.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “कुणाला दिसलं नाही ते. बरं झालं म्हणा. सासूबाई समोरच उभ्या होत्या.”

पन्नासांवर वर्षे तो फोटो आमच्या घरात आहे. त्या चौथ्या हाताचा पत्ता मला त्या दिवशी लागला.